‘छान वाटत नाही’ म्हणजे नक्की काय?

माझी आत्या सरावलीजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होती. ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे ‘तुला लिहिता येत असेलच’ असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी तिच्याबद्दलच्या सात गोष्टी फोनमध्ये टिपल्या आणि चॅटबॉटकडून मसुदा करून घेतला.

पहिला मसुदा कोरडा होता, पण सातही गोष्टी त्यात होत्या. सगळ्यात महत्त्वाची होती चिठ्ठीची. दिवाळीनंतर पाड्यावरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. निघायच्या आधी आत्या मुलांना काट्यावर तोलायची आणि वजन, तारीख चिठ्ठीवर लिहून आईच्या हातात द्यायची. तिकडच्या अंगणवाडीत दाखवायला.

मी लिहिलं, ‘अजून भावनिक कर.’ मग ‘थोडं जास्त झालं, साधं कर.’ मग ‘आता सपाट वाटतंय, शेवट जोरदार हवा.’ चौथा मसुदा वाचताना गळा दाटून आला, आणि तो मी आत्याला फोनवर वाचून दाखवला.

ती म्हणाली, “अरे, ‘पाड्यातून कुपोषण हद्दपार केलं’ हे कुठून आलं? दोन पोरांचं वजन शेवटपर्यंत वाढलं नाही. त्यांच्या आया समोर बसणार आहेत. ते वाक्य काढ. आणि चिठ्ठ्यांचं कुठे गेलं?”

मी टिपण काढून मोजलं. सातपैकी चारच गोष्टी उरल्या होत्या. चिठ्ठीच्या जागी ‘मुलांना पोटच्या लेकरांसारखं जपलं’ आलं होतं, आणि कुपोषणाचं वाक्य तर माझ्या टिपणात कधीच नव्हतं.

हे कसं झालं? आपल्याला वाटतं बॉट जुन्या मजकुरावर पेन फिरवतो. खरं तर तो बहुतेक वेळा पूर्ण मजकूर पहिल्या शब्दापासून नव्याने तयार करतो. ज्या वाक्याबद्दल मी काहीच बोललो नाही, ते जसंच्या तसं राहील याची हमी नसते. ‘भावनिक’ या शब्दात माझ्या आत्याची काहीच माहिती नाही, म्हणून ती जागा निरोपाच्या भाषणांत सहसा जे असतं त्याने भरली जाते. शिवाय नाकारलेले मसुदेही त्याच संभाषणात त्याच्यासमोर असतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत माझं टिपण मागे पडत गेलं आणि आधीच्या फेरीचा सूर पुढे येत गेला.

आत्याच्या बोलण्यात मात्र चांगल्या अभिप्रायाचं सगळं होतं: कोणतं वाक्य, ते का चूक आहे, त्याचं काय करायचं आणि काय परत हवंय. माझ्या तीन अभिप्रायांत होता फक्त माझा मूड.

मग मी नवीन संभाषण उघडलं. त्यात टिपण आणि पहिला मसुदा टाकला आणि लिहिलं: ‘फक्त दुसरा परिच्छेद बदल. तिथे चिठ्ठीचा उल्लेख अर्ध्या ओळीत उरकलाय, त्यामुळे ती कशासाठी होती ते ऐकणाऱ्याला कळत नाही. निघायचा दिवस, काटा, आईच्या हातातली चिठ्ठी या क्रमाने तीन साधी वाक्यं कर. टिपणात नसलेलं काही घालू नकोस. बाकी परिच्छेद जसेच्या तसे ठेव.’

‘जसेच्या तसे’ सांगूनही शब्द हलतात, म्हणून दोन्ही मसुदे फाइलमध्ये ठेवून तपासले:

```
git diff --no-index --word-diff pahila.txt dusra.txt
```

न सांगता बदललेला शब्द यात लगेच दिसतो. शेवटच्या परिच्छेदात ‘काही मुलं’चं ‘अनेक मुलं’ झालेलं सापडलं. ते मी हाताने परत केलं. कमांड नको असेल तर टिपणातल्या गोष्टींवर बोट ठेवून मोजा: किती उरल्या आणि नवीन काय आलं. दोन फेऱ्यांत आकडा घसरला, तर तिसरा अभिप्राय देण्यापेक्षा चांगल्या मसुद्याकडे परत जावं.

याला एक मर्यादा आहे. चुकीचा अभिप्रायही बॉट तितक्याच निमूटपणे पाळतो. ‘जोरदार शेवट’ मीच मागितला होता. त्या दोन आयांसमोर ते वाक्य मी बोललो असतो, तर ते खोटं माझंच ठरलं असतं. ‘छान वाटत नाही’ म्हणताना नक्की काय खुपतंय हे शोधायचा त्रास मी टाळला, आणि तो शोध माझ्या आत्याला कधीही न भेटलेल्या यंत्रावर ढकलला.

भाषणात त्या दोन मुलांबद्दल एक वाक्य आहे. ते आत्याने सांगितलं आणि मी स्वतः टाइप केलं.