एकाच बातमीचे अनेक विषय

रॉयटर्स-२१५७८ हा १९८७ सालच्या इंग्रजी बातम्यांचा संग्रह मजकुराच्या वर्गीकरणावर काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरला आहे. त्यातल्या बातम्यांवर माणसांनी विषयांची लेबलं लावलेली आहेत. गव्हाच्या निर्यातीची बातमी असेल तर तिच्यावर `wheat` असतं आणि बहुतेक वेळा `grain` सुद्धा असतं. माल जहाजाने जाणार असेल तर `ship` ही येतं. कित्येक बातम्यांवर मात्र एकही विषय नाही. यंत्राकडून वर्गीकरण करून घेण्याचा विचार कसा बदलत गेला, हे मला या संग्रहाकडे पाहताना सगळ्यात स्पष्ट दिसतं. कारण ‘ही बातमी कोणत्या विषयाची?’ हा साधा वाटणारा प्रश्नच इथे लागू पडत नाही.

त्या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. उत्तर एकच आहे, आणि ते दिलेल्या यादीत नक्की आहे. हस्तलिखित अंक ओळखताना दोन्ही खऱ्या असतात. त्यालाच मल्टि-क्लास वर्गीकरण म्हणतात आणि त्यासाठी सॉफ्टमॅक्स वापरतात. मॉडेल प्रत्येक विषयाला एक गुण देतं आणि सॉफ्टमॅक्स त्या गुणांचं रूपांतर अशा संभाव्यतांमध्ये करतं की सगळ्यांची बेरीज १ व्हावी. आता गव्हाच्या बातमीला `grain` साठी ३, `wheat` साठी ३ आणि `earn`, म्हणजे कंपन्यांच्या नफ्या-तोट्यासाठी, उणे २ गुण मिळाले असं धरू. सॉफ्टमॅक्स पहिल्या दोघांना जवळजवळ ०.५० देतं. मक्याचा उल्लेख आला आणि `corn` लाही ३ गुण मिळाले, की तिघेही ०.३३ वर येतात. गव्हाबद्दलचा पुरावा तसूभरही कमी झालेला नसतो, तरी त्याची संभाव्यता घटते. बेरीज १ ठेवायची असल्याने विषयांना एकमेकांचा वाटा खावा लागतो.

याची उलट बाजू मला जास्त गंभीर वाटते. यादीतल्या कशाशीच संबंध नसलेली बातमी आली आणि गुण पडले उणे ६, उणे ८, उणे ८. मॉडेल तिन्ही विषयांना ‘नाही’च म्हणतंय. सॉफ्टमॅक्स मात्र गुणांमधले फरक तेवढे पाहतं, त्यामुळे पहिल्या विषयाला ०.७९ मिळतात. ‘यातलं काहीच नाही’ हे उत्तर त्याला देताच येत नाही.

तोडगा दिसायला साधा आहे. एक मोठा प्रश्न सोडून द्यायचा आणि प्रत्येक लेबलासाठी स्वतंत्र प्रश्न विचारायचा: हे आहे की नाही? प्रत्येक गुण आपापल्या सिग्मॉइडमधून जातो आणि शिकवताना प्रत्येक लेबलाची चूक वेगळी मोजली जाते. तिला बायनरी क्रॉस-एंट्रॉपी म्हणतात.

```
p = 1 / (1 + exp(-z))
loss = -(y*log(p) + (1-y)*log(1-p))
```

इथे `z` म्हणजे गुण, आणि `y` म्हणजे लेबल असेल तर १, नसेल तर ०. वरच्या बातमीत `grain` आणि `wheat` दोघांनाही आता ०.९५ मिळतात, `corn` आला तरी त्यांना धक्का लागत नाही. उणे ६ गुणांचे होतात ०.००२५. मॉडेल ०.९५ म्हणालं आणि लेबल खरंच असलं तर चूक ०.०५ भरते. लेबल नसलं तर तीच चूक ३ वर जाते. सगळ्या लेबलांच्या चुकांची बेरीज किंवा सरासरी घेऊन मॉडेल सुधारत जातं.

हे सगळ्यांना लगेच पटलं होतं असं नाही. लेबलं एकमेकांशी बांधलेली असताना त्यांना सुटं सुटं तपासणं अनेकांना भाबडं वाटे. २००६ मध्ये झांग आणि झोऊ यांनी न्यूरल नेटवर्कसाठी लेबलांच्या जोड्या पाहणारी पद्धत मांडली: लागू असलेल्या लेबलाचा गुण लागू नसलेल्यापेक्षा वर असला पाहिजे. २०१४ मध्ये नाम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्या मजकूर-संग्रहांवर साधी क्रॉस-एंट्रॉपीच सरस ठरते. मला यात नवल वाटत नाही. आतले थर सगळ्या लेबलांचे सामाईक असतात, त्यामुळे गहू आणि धान्य यांचं नातं मॉडेल तिथेच बरंचसं शिकून घेतं. बरंचसं म्हणतो, पूर्ण नाही. `wheat` ला होकार आणि `grain` ला नकार असं विसंगत उत्तर अधूनमधून येतंच.

पण प्रश्न सुटे केल्यावर एक नवी जबाबदारी आली. सॉफ्टमॅक्सच्या वेळी सगळ्यात मोठा आकडा उचलला की काम होत असे. आता ०.३८ म्हणजे ‘हो’ की ‘नाही’? सवयीने लोक ०.५ चा थ्रेशोल्ड लावतात. रॉयटर्सच्या प्रचलित विभागणीत शिकवण्यासाठी ९,६०३ बातम्या आहेत आणि त्यातल्या फक्त २१२ `wheat` च्या. इतक्या विरळ लेबलाबद्दल मॉडेल हात आखडता घेतं आणि खऱ्या गव्हाच्या बातम्याही ०.५ च्या खाली अडकतात. तपासणीच्या ३,२९९ बातम्यांपैकी ७१ गव्हाच्या आहेत. सगळ्यांना डोळे मिटून ‘नाही’ म्हटलं तरी जवळपास ९८ टक्के उत्तरं बरोबर येतात. म्हणून इथे अचूकतेचा आकडा पाहूच नये. सापडायला हव्या होत्या त्यातल्या किती सापडल्या आणि सापडलेल्यांपैकी किती खऱ्या, हे दोन्ही जोडणारा एफ-वन लेबलागणिक पाहावा.

समजण्यासाठी एक उदाहरण रचून घेऊ. बाजूला ठेवलेल्या बातम्यांत गव्हाच्या २० आहेत. ०.५ वर ८ खऱ्या सापडतात, १ खोटी येते, एफ-वन ०.५५. थ्रेशोल्ड ०.३५ वर आणला की १५ खऱ्या आणि ५ खोट्या, एफ-वन ०.७५. आणखी खाली ०.१ वर गेलं तर १८ खऱ्या मिळतात, पण २६ खोट्या घुसतात आणि एफ-वन ०.५६ वर घसरतो. म्हणजे या लेबलासाठी ०.३५ च्या आसपास थांबावं. यिमिंग यांग यांनी २००१ मध्ये थ्रेशोल्ड ठरवण्याच्या पद्धतींची तुलना केली. त्यात ही लेबलागणिक पद्धत होती आणि तिचा धोकाही त्यांनी दाखवला होता: लेबल फार विरळ असेल तर थ्रेशोल्ड हातातल्या चार बातम्यांच्या मापाने बेतला जातो. एखादी बातमी इकडची तिकडे झाली की तो उडी मारतो. अशा लेबलांना एकत्र करून त्यांचा एकच सामाईक थ्रेशोल्ड ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

२०१४ मध्ये लिप्टन, एल्कन आणि नारायणस्वामी यांनी याची गणिती बाजू मांडली. संभाव्यता खऱ्या प्रमाणाशी जुळत असतील, तर एफ-वनसाठी सर्वोत्तम थ्रेशोल्ड हा मिळू शकणाऱ्या कमाल एफ-वनच्या बरोबर निम्मा असतो. वरच्या उदाहरणात ०.७५ चा निम्मा ०.३७५, म्हणजे हिशोब जुळतो. एफ-वन १ च्या वर जात नाही, म्हणून हा थ्रेशोल्ड ०.५ च्या वर कधीच जाणार नाही. अट मात्र विसरू नये. विरळ लेबलाला बळ देण्यासाठी `BCEWithLogitsLoss` मध्ये `pos_weight` वाढवलं असेल, तर संभाव्यता मुद्दाम फुगवलेल्या असतात आणि हा नियम त्यांना लागू होत नाही. आणि गव्हाची बातमी निसटणं हे खोट्या इशाऱ्यापेक्षा चौपट महाग पडणार असेल, तर एफ-वनला विचारायचं कारणच नाही. थ्रेशोल्ड थेट १ भागिले ५, म्हणजे ०.२ येतो.

या नियमातूनच एक विचित्र गोष्ट निघते. एखाद्या लेबलाबद्दल मॉडेलला काहीच कळत नसेल, तर ते प्रत्येक बातमीला तोच सरासरी आकडा देतं. गव्हासाठी सुमारे ०.०२२. अशा वेळी एफ-वन सर्वाधिक कधी होतो? सरसकट सगळ्या बातम्यांना `wheat` म्हटल्यावर. तोही जेमतेम ०.०४, आणि त्याचा निम्मा थ्रेशोल्ड ०.०२२ च्या किंचित खाली पडतो. म्हणून थ्रेशोल्ड शोधणाऱ्या प्रोग्रामने एखाद्या लेबलासाठी त्याच्या प्रमाणाइतका खालचा आकडा काढला आणि ते लेबल जिकडेतिकडे चिकटू लागलं, तर थ्रेशोल्डशी झटापट थांबवावी आणि त्या लेबलाची शिकवणीची उदाहरणं उघडून वाचायला घ्यावी.