उत्तर बरोबर, पण कशामुळे?

३/५ आणि ५/९ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता? सहावी-सातवीच्या चाचणीत असा प्रश्न सहज येतो. उत्तर ३/५. ज्याने ते लिहिले त्याला एक गुण, ज्याने ५/९ लिहिले त्याला शून्य. तपासणाऱ्याचे काम इथे संपते, आणि नेमकी इथेच गडबड होते. कारण ३/५ हे उत्तर किमान तीन रस्त्यांनी येते आणि त्यांतले दोन चुकीचे आहेत.

पहिले मूल म्हणते, ‘पाच हा नऊपेक्षा लहान. छेद लहान तो अपूर्णांक मोठा.’ हा नियम त्याने स्वतः रचलेला नाही. १/३ आणि १/५ यांची तुलना शिकताना तो त्याला मिळाला आणि तिथे तो खराच होता. अंश सारखे असतील तरच तो चालतो, ही अट मात्र वाटेत गळून पडली. दुसरे मूल वजाबाकी करते. पाचातून तीन गेले, दोन उरले. नऊतून पाच गेले, चार उरले. ज्याला पूर्ण व्हायला कमी पाहिजेत तो मोठा. वर्तुळाच्या चित्रात रंगवलेले आणि कोरे राहिलेले तुकडे मोजायची सवय लागली की ही वजाबाकी आपोआप सुचते. तुकडा केवढा आहे, हे ते मूल पाहतच नाही. तिसरे मूल दोन्ही अपूर्णांक निम्म्याशी ताडून बघते. पाचाचे निम्मे अडीच, म्हणजे ३/५ हा निम्म्यापेक्षा अर्ध्या पंचमांशाने जास्त. नवाचे निम्मे साडेचार, म्हणजे ५/९ हा निम्म्यापेक्षा अर्ध्या नवमांशाने जास्त. पंचमांश हा नवमांशापेक्षा मोठा, म्हणून ३/५ मोठा. तिघांनाही एकेक गुण मिळतो. शून्य मिळते ते फक्त चौथ्याला, ज्याला पाच आणि नऊ हे आकडे तीन आणि पाचपेक्षा मोठे दिसले.

आता याच चौघांना दुसरा प्रश्न देऊ: ५/६ आणि ७/८ यांत मोठा कोणता, की दोन्ही समान? ‘समान’ हा पर्याय उघडपणे द्यायचा, नाहीतर मुलांना वाटते की प्रश्न विचारला म्हणजे एक मोठा असणारच. छेद बघणारे पहिले मूल ५/६ म्हणेल. वजाबाकी करणारे म्हणेल समान, कारण दोन्हीकडे एकच तुकडा कमी. समजून विचार करणारे तिसरे ७/८ म्हणेल. मोठ्या आकड्यांना मोठा अपूर्णांक मानणारे चौथेही ७/८ म्हणेल, आणि या वेळी त्यालाही गुण मिळेल.

दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की चित्र पालटते. ‘३/५, ५/६’ ही जोडी छेद बघणाऱ्याची, ‘३/५, समान’ ही वजाबाकीवाल्याची, ‘५/९, ७/८’ ही आकड्यांचा आकार बघणाऱ्याची आणि ‘३/५, ७/८’ ही समजलेल्याची. चार विचारांच्या चार वेगळ्या जोड्या. एकूण गुण पाहिले तर पहिल्या तीन जोड्यांच्या मुलांना दोनांपैकी एकच. गुणपत्रकात ती तीन मुले सारखीच ‘मध्यम’ दिसतील, पण त्यांचे गैरसमज एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

म्हणजे असा प्रश्न रचताना अवघड आकडे शोधायचे नसतात, चुकीच्या नियमांना वेगवेगळ्या दिशांना पाठवणारे आकडे शोधायचे असतात. ३/५ आणि ४/५ दिले तर चारही मुले ४/५ म्हणतील किंवा अंदाजाने तिथे पोहोचतील. त्या प्रश्नातून काहीच कळणार नाही. आपल्याकडे आणखी एक पथ्य पाळावे लागते. अर्धा, पाव, पाऊण हे शब्द मुलांच्या कानावरून शाळेआधीच गेलेले असतात. ३/४ दिसला की मूल त्याला ‘पाऊण’ म्हणते आणि बाजारातल्या अनुभवावरून उत्तर देते. ते चांगलेच आहे, पण अंश-छेदांबद्दल ते काय समजते हे त्यावरून कळत नाही. म्हणून चाचपणीत हे ओळखीचे अपूर्णांक टाळलेले बरे.

अर्थात एका जोडीवरून निदान पक्के करू नये. दोन्ही प्रश्नांना तीन-तीन पर्याय असतील, तर निव्वळ डोळे मिटून उत्तर देणाऱ्याकडूनही कोणतीही ठराविक जोडी नऊत एकदा येईल. त्यामुळे काही दिवसांनी त्याच धाटणीची दुसरी जोडी द्यावी: २/३ आणि ७/११, मग ४/५ आणि ८/९. नमुना पुन्हा तसाच आला तर तो बहुधा योगायोग नाही. आणि मुले एकाच नियमाला चिकटून राहतात असेही नाही. आकडे बदलले की काही जण नियमही बदलतात.

वजाबाकीवाल्या मुलाशी मात्र बोलायलाच हवे, कारण ते बरोबर विचाराच्या अगदी दारात उभे असते. ‘५/६ पूर्ण व्हायला किती कमी?’ असे विचारा. ‘एक’ असे उत्तर आले तर गैरसमज कायम आहे. ‘एक षष्ठांश’ असे आले तर पुढचे वाक्य ते स्वतःच म्हणेल: अष्टमांश लहान, म्हणून ७/८ ला कमी उणे, म्हणून तो मोठा. ‘एक’वर अडलेल्या मुलाला समजावत बसू नये, १/२ आणि ९९/१०० यांची तुलना करायला द्यावी. दोन्हीकडे एकच कमी आहे. तरी हे समान आहेत का?

या सगळ्यातून निसटणारे मूल एकच: तिरकस गुणाकार पाठ असलेले. तीन नवे सत्तावीस, पाच पाचा पंचवीस, म्हणून ३/५ मोठा. त्याची जोडी नेहमी बरोबर येणार, अपूर्णांक म्हणजे काय हे कळले असो वा नसो. त्याच्यासाठी गणित करायला वावच न देणारा प्रश्न लागतो. अमेरिकेच्या ‘नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस’ने १९७८ च्या चाचणीत असा प्रश्न ठेवला होता: १२/१३ + ७/८ ची बेरीज अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९, २१ आणि ‘माहीत नाही’. दोन्ही अपूर्णांक जवळपास एक आहेत, म्हणून उत्तर २. तेरा वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्क्यांनीच ते निवडले. १९ म्हणणारे २८ टक्के होते आणि २१ म्हणणारे २७ टक्के. १९ ही अंशांची बेरीज आणि २१ ही छेदांची. चुकीच्या पर्यायांतूनच चूक कुठे झाली ते वाचता येते. याच प्रश्नात केवळ ‘बेरीज करा’ म्हटले असते, तर समच्छेद करून १८७/१०४ लिहिणाऱ्या मुलाला ही संख्या दोनापेक्षा लहान की मोठी, हे ठाऊक आहे की नाही, ते कधीच कळले नसते.

शिक्षकांना एवढेच सांगणे आहे: पुढच्या घटक चाचणीत हे दोन-तीन प्रश्न ठेवा, पण त्यांना गुण देऊ नका. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे बरोबर-चूक अशी खूण न करता त्याने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे नोंदवा, आणि समच्छेदाचा पुढचा धडा ती यादी वाचल्यावरच सुरू करा.