एका गाण्याचे दोन भाव

स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आलं तेव्हा त्याची महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. अमेरिकेत तेव्हा तीच वर्गणी ९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सातशे रुपयांच्या घरात होती. ॲप तेच, गाणीही बहुतांशी तीच, आणि भाव सहापट.

पहिलं उत्तर सुचतं ते क्रयशक्तीचं. अमेरिकेत डॉलरला जेवढं मिळतं, तेवढं भारतात तेव्हा वीस-एकवीस रुपयांत मिळत होतं. पण त्या हिशेबानेही वर्गणी दोनशेच्या आसपास यायला हवी होती. उरलेली घसरण स्पर्धेची आहे. गाना, जिओसावन यांची वर्गणी शंभराच्या आसपास होती, आणि यूट्यूबवर तर गाणी फुकटच होती. ऐकणाऱ्यापुढे दुसरा पर्याय कितीला आहे, यावरच भावाची वरची मर्यादा ठरते.

खालची मर्यादा ठरते करारांत. गाणं फोनपर्यंत पोचवण्याचा खर्च किरकोळ असतो. मोठा खर्च हक्कधारकांचा, ढोबळमानाने उत्पन्नाच्या दोन-तृतीयांश. तो टक्क्यांत असल्यामुळे भाव उतरला की खर्चही उतरतो, म्हणूनच स्वस्त देशातही धंदा जमतो. मात्र हक्कधारक कंपन्या करारात अनेकदा दर वर्गणीदारामागे किमान रकमेची अट घालतात, आणि त्या तळाखाली गेल्यास तोटा सेवेला सोसावा लागतो. त्यामुळे देशागणिक भाव हा अर्थशास्त्राइतकाच वाटाघाटींचा विषय आहे. भारतात येतानाच स्पॉटिफायचा वॉर्नर या हक्कधारक कंपनीशी वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१डीखाली प्रसारणासाठी मिळणारा वैधानिक परवाना आपल्यालाही लागू आहे, असं स्पॉटिफायचं म्हणणं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक ही स्ट्रीमिंग सेवा यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला हे कलम लागू नाही, असा निकाल दिला. परवाना कायद्याच्या आधारे मिळणार नसेल, तर हक्कधारकाशी बोलणी करण्यावाचून मार्ग उरत नाही.

दोन भाव टिकायचे तर स्वस्त बाजारातला माल महाग बाजारात जाता कामा नये. म्हणून खात्याचा देश आणि पैसे भरण्याचं साधन जुळवून पाहिलं जातं.

श्रोत्यासाठी हा भेद मला न्याय्य वाटतो. सातशे रुपये भाव असता, तर इथल्या बहुतेकांनी वर्गणी भरलीच नसती. गायकाच्या बाजूने मात्र चित्र वेगळं दिसतं. मोबदल्याचा हिशेब देशनिहाय होतो. एका ऐकण्याला ठरलेला जागतिक दर नाही. ज्याचे श्रोते प्रामुख्याने महाराष्ट्रात आहेत, त्या गायकाला तितक्याच ऐकण्यांचे अमेरिकी गायकापेक्षा कितीतरी कमी पैसे मिळतात, आणि त्याचा आयात केलेला मायक्रोफोन मात्र जागतिक भावानेच येतो. म्हणून परदेशात राहून, तिथला पगार घेऊन, भारतातल्या दराचं खातं चालवणाऱ्या मराठी रसिकांना एवढंच सांगणं: तुम्ही वाचवलेल्या पैशांत तुमच्या आवडत्या गायकाचाही वाटा असतो. वर्गणी राहता त्या देशाच्या दराने भरा.