बर्फातलं बोचकं आणि घरातला मान

मनालीच्या सहलीसाठी बॅगा भरल्या जात असतात तेव्हा घरातला मानाचा क्रम उघडा पडतो. नवं जॅकेट घरच्या पुरुषाला येतं, कारण गाडी ठरवणं, तिकीट काढणं आणि बाहेर उभं राहणं हे सगळं त्याच्याकडे. मुलाला नवी टोपी, नवे बूट. सूनबाई "माझं काय, शाल घेते" म्हणते, आणि आजीसाठी जुना स्वेटर, माकडटोपी व दोन जोड सुती पायमोजे. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो, इतकंच. पण थंडी हा क्रम पाळत नाही. जो चालतो, चढतो, बर्फात खेळतो, त्याचं शरीर स्वतःच उष्णता तयार करत असतं. जी बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळते तिला थंडी सगळ्यांत आधी गाठते, आणि पहिल्यांदाच बर्फ पाहायला निघालेल्या घरात नेमकं तिच्याच अंगावर सर्वांत कमी असतं.

कपडा ऊब देत नाही, शरीराची ऊब राखतो, आणि ती राखायचं काम धाग्यांमधली व कपड्यांमधली स्थिर हवा करते. म्हणून एका जाड कोटापेक्षा एकावर एक घातलेले तीन सुटसुटीत कपडे जास्त उपयोगी पडतात: त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि गरजेप्रमाणे एखादा काढता येतो. अंगालगतच्या थराने घाम बाहेर काढायचा, मधल्याने हवा धरायची, वरच्याने वारा आणि बर्फाचं पाणी अडवायचं. या तिन्हींतला कुठलाही एक दुसऱ्याचं काम करू शकत नाही. विंडचीटर कितीही महाग असला तरी खाली सुती बनियन ओलं असेल, तर तो फक्त ओल झाकून ठेवतो.

सुती कापडाबद्दल आपल्याकडे नको इतका आदर आहे. उन्हाळ्यात तो रास्तही आहे, कारण सूत घाम शोषतं आणि वाळताना अंग गार करतं. नेमका हाच गुण बर्फात घातक ठरतो. पाणी स्थिर हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओली जीन्स, ओलं बनियन, ओला परकर म्हणजे अंगाला बांधलेली गार पट्टी. म्हणून अंगालगत पॉलिएस्टरचं किंवा लोकरीचं थर्मल हवं. आपल्या बाजारात 'वॉर्मर' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ कपड्यांत सुताचा भाग मोठा असतो. ते हॉटेलच्या खोलीत चालतील, बर्फात नाही. दुकानदाराचं न ऐकता कॉलरच्या आतली पट्टी वाचावी.

आता एक घर घेऊ. पुण्याचं, चार माणसांचं: नवरा, बायको, सत्तरीच्या जवळ आलेली आजी आणि दहा वर्षांचा मुलगा. जानेवारी महिना, दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली, तिथे तीन रात्री. एक दिवस सोलंगला, एक दिवस अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरवर, सिस्सू साधारण तीन हजार शंभरवर. हजार मीटर चढलं की तापमान सहा-सात अंशांनी उतरतं, आणि बोगद्याच्या पलीकडच्या लाहौलच्या खोऱ्यात वारा सुटला तर त्याहून जास्त बोचतं. जुळवाजुळव सिस्सूच्या दिवसाला धरून करायची, मनालीच्या बाजाराला धरून नाही.

या घराने यादी आजीपासून सुरू करावी. तिच्या अंगालगत थर्मलचा वरचा व खालचा जोड, आणि असेच जोड दोन, कारण दिवसा घातलेला रात्री झोपताना बदलायचाच. दिवसभर घामेजलेला कपडा रात्रभर अंगावर ठेवला तर पहाटे हुडहुडी भरते. त्यावर हाफ बाह्यांचा पातळ स्वेटर, त्यावर जाड लोकरीचा किंवा फ्लीसचा. घरात विणलेले जुने स्वेटर इथे उत्तम चालतात, बाजारातून काही आणायची गरज नसते. सगळ्यावर वारा आणि पाणी अडवणारं सैल जॅकेट, एक माप मोठं, कारण घट्ट जॅकेट आतली हवाच दाबून टाकतं. पायांत एकच जाड लोकरीचा मोजा आणि बोटं हलतील इतका सैल बूट. दोन-दोन मोजे घालून बूट घट्ट केला की रक्तप्रवाह अडतो आणि पाय आणखी गार पडतो. जोडवी घरी काढून ठेवावी. घट्ट बुटात ती बोटाला दाबतात, आणि बोट सुजलं तर निघत नाहीत. हातातल्या घट्ट अंगठ्यांचंही तेच. हातमोजे दोन जोड, कारण एक भिजतोच. कान झाकणारी टोपी आणि गळ्याला मफलर.

साडीचा प्रश्न टाळता येणार नाही. बर्फात साडीचा काठ आणि परकराचा घेर भिजतो, आणि ती ओल गुडघ्यापर्यंत चढते. थर्मल आत घातलं तरी भिजलेलं कापड पायाला चिकटून राहतं. दोन दिवसांपुरती सैल पॅन्ट किंवा सलवार आणि त्यावर जॅकेट, हा साधा उपाय आहे. अडचण कापडाची नाही, "या वयात?" या प्रश्नाची आहे. हा प्रश्न आजीच्या मनात असतो त्यापेक्षा जास्त तिच्याभोवतीच्या माणसांच्या नजरेत असतो. नातवाने नव्या कपड्यात फोटो काढला तर कौतुक, आणि आजीने पॅन्ट घातली तर गंमत, असं घरात होत असेल तर तिने ती कशी घालावी? सुनेच्या बाबतीत तर सासूच्या मर्जीचाही प्रश्न येतो. ज्यांच्याकडून परवानगी अपेक्षित असते त्यांनी ती आधीच, मोठ्याने आणि सगळ्यांसमोर द्यावी.

सूनबाईची गोष्ट वेगळी. तिच्याकडे कपडे असतात, पण तिच्या बॅगेत सर्वांचा फराळ, औषधं आणि मुलाचे बदलायचे कपडे भरले जातात, आणि तिचा दुसरा थर्मल जोड 'जागा नाही' म्हणून राहतो. चिवडा आणि चकल्या चारही बॅगांत विभागाव्या. मनालीत दुकानं आहेत, थर्मलशिवाय झालेला पोटऱ्यांचा गारठा मात्र चिवड्याने जात नाही. सर्वांत जाड बूट आणि जॅकेट प्रवासात अंगावरच घालावे, म्हणजे बॅग हलकी होते. मुलाला मात्र एक जोड जास्त द्यावा, कारण तो बर्फात लोळणार आणि भिजणार. हॉटेलच्या खोलीत ओली जीन्स रात्रीत वाळत नाही. सकाळी ती कडक होऊन बसलेली सापडते.

ज्यांच्याकडे वरचा थर नाही ते मनालीहून वर जाताना रस्त्याकडेच्या दुकानांतून बर्फाचा कोट आणि गमबूट भाड्याने घेतात. घ्यावा, त्यात कमीपणा नाही. एका दिवसासाठी नवा कोट विकत घेणं उधळेपणाच आहे. पण आत हात घालून अस्तर पाहावं. आदल्या दिवशीच्या माणसाच्या घामाने ते ओलं असेल तर दुसरा मागावा. आणि हा कोट वरचा थर आहे हे विसरू नये: त्याच्या आत सुती शर्ट असेल तर भाड्याचे पैसे वाया गेले. गमबुटात स्वतःचा कोरडा मोजा घालावा, दुसऱ्याचा नाही.

आता सिस्सूच्या दिवसाची चूक बघा, जी जवळजवळ सगळे करतात. सकाळी हॉटेलात सगळे थर चढवून मंडळी गाडीत बसतात. हीटर चालू असतो. मग नऊ किलोमीटरचा अटल बोगदा येतो, गाडी पलीकडे निघेपर्यंत अंगालगतचं थर्मल घामाने ओलं झालेलं असतं, आणि दार उघडलं की लाहौलचा वारा समोर. दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं, आणि दोष दिला जातो कोटाला. उलट करावं. गाडीत जॅकेट व जाड स्वेटर मांडीवर, आणि उतरण्याच्या पाच मिनिटं आधी चढवावे. चढण चालताना घाम येण्याआधी झिप उघडावी, थांबलं की लगेच लावावी. निघताना जरासं गार वाटणं हे ठीक चालल्याचं लक्षण आहे.

बर्फावर सूर्याचे किरण उलटे परततात, म्हणून ढगाळ दिवशीसुद्धा काळा चष्मा आणि ओठांना व्हॅसलिन हवंच. मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवावा.

खरं काम मात्र यादीनंतर सुरू होतं. आजीला "थंडी वाजते का?" विचारलं तर "नाही रे, मी बरी आहे" हेच उत्तर येणार. सुनेचंही तेच. आयुष्यभर ज्यांना सोसणं हा गुण म्हणून शिकवलं, त्या सहलीत तक्रार करून सगळ्यांचा विरस करणार नाहीत. म्हणून विचारू नका, बघा. दर अर्ध्या तासाने अंगठ्याला करंगळी लावायला सांगा. लागत नसेल, बोलणं अडखळत असेल, पाऊल सरळ पडत नसेल, तर तिला लगेच गाडीत किंवा खोलीत न्या, ओलं काढा, कोरडं घाला, गोड चहा द्या. कुडकुडणं एकाएकी थांबलं आणि ती गप्प झाली तर बरं वाटायला लागलं असं समजू नका, ते जास्त वाईट लक्षण आहे, डॉक्टरकडे न्या. बोट पांढरं पडून बधिर झालं तर बर्फ चोळू नका, कोरड्या उबेत घ्या.

'ऊब यावी म्हणून थोडी' घेणाऱ्या काकांसाठीही एक वाक्य. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला उबदार वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं त्याहून वाईट: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

निघायच्या आठ दिवस आधी घरातल्या चौघांनी पूर्ण वेश अंगावर घालून बघावा, गच्चीवर पाच जिने चढावेत, खाली बसून बुटाची नाडी बांधावी. कुठे घट्ट होतं, कुठे घाम येतो, ते पुण्यातच कळेल आणि बदलायला बाजार जवळ असेल. आणि आधी आजीचं आणि सुनेचं माप घ्या; उरलेल्या पैशात नवऱ्याचं जॅकेट.