सुई नव्हे, टेकाड

नारायणगाव,
१२ नोव्हेंबर

चि. सायलीस,


तुझा आलेख आणि पोस्टरचा मसुदा काल फोनवर पाहिला. एवढ्याशा पडद्यावर मला धड दिसेना, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. थर्माकोलला फॉइल चिकटवून केलेला कर्णा, त्याच्या बुडाशी तेलाचा पाच लिटरचा डबा आणि डब्यात उभी केलेली तांब्याची तार, हे सगळं फक्कड जमलंय. तार सव्वापाच सेंटिमीटरची का ठेवली हे तुला माहीत आहे, तेही बरं वाटलं. एकवीस सेंटिमीटरचा चौथा भाग. पण ‘आम्ही आकाशगंगेतला हायड्रोजन पकडला’ असा मथळा तू पुढच्या आठवड्यात कॉलेजात लावणार आहेस, तो तूर्त लावू नकोस. पोस्टरवरचं चित्र चुकलंय आणि आलेखातली ती सुई हायड्रोजनची नाही.

आधी चित्राचं बोलतो. तू प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन शेजारी-शेजारी काढलेस, दोघांना बाण दिलेस आणि खाली लिहिलंस की बाण एकाच दिशेला असले की चुंबकांची सारखी टोकं शेजारी येतात, एकमेकांना ढकलतात, म्हणून ऊर्जा जास्त. तुला दोष देत नाही, मीही वीसेक वर्षं फळ्यावर हेच काढत होतो. मग एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, इलेक्ट्रॉनचा भार ऋण आहे ना? मग त्याचा चुंबक स्पिनच्या उलट नको का?” मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. त्याचं बरोबर होतं. प्रोटॉनचा चुंबक त्याच्या स्पिनच्या दिशेनं असतो आणि इलेक्ट्रॉनचा विरुद्ध दिशेनं. म्हणजे स्पिन एका दिशेला असतील तर चुंबक उलटसुलट असतात. आणि शेजारी ठेवलेले उलटसुलट चुंबक तर एकमेकांना चिकटतात, त्यांची ऊर्जा कमी असते. तुझ्या चित्राचं तर्कशास्त्र नीट लावलं तर उत्तर उलटं येतं. पोस्टरवर ते बरोबर आलंय, कारण दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलंय.

खरी गोष्ट अशी की इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या शेजारी नसतोच. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या स्थितीत तो प्रोटॉनभोवतीचा एक गोल ढग असतो, आणि हा ढग सगळ्यात दाट असतो तो बरोबर प्रोटॉनच्या जागी. ढगाचा जो भाग प्रोटॉनच्या बाजूला आहे तो एका दिशेनं ओढतो, जो वर-खाली आहे तो दुसऱ्या. ढग अगदी गोल असल्यामुळे ही सगळी ओढाताण बेरजेत शून्य होते. उरतो तो ढगाचा नेमका प्रोटॉनवर असलेला भाग. चुंबकाच्या बाहेर, त्याच्या कडेला, क्षेत्र उलट दिशेनं वाहतं हे खरं, पण चुंबकाच्या आत ते चुंबकाच्याच दिशेनं असतं. प्रोटॉन या ढगाच्या आत बसलाय. म्हणून त्याचा चुंबक इलेक्ट्रॉनच्या चुंबकाशी जुळला की त्याला स्वस्थ वाटतं, म्हणजे चुंबक एका दिशेला आणि स्पिन विरुद्ध. ती खालची पातळी. स्पिन समांतर झाले की वरची. एन्रिको फर्मीनं १९३० साली हे गणित मांडलं, आणि या ‘आतल्या’ परिणामाला आजही त्याचंच नाव आहे. पोस्टरवर दोन गोळे काढण्याऐवजी एक ढग काढ आणि मधोमध एक ठिपका दे.

आता या दोन पातळ्यांतलं अंतर रेडिओ लहरींत का पडतं? कारण प्रोटॉनचा चुंबक फार मरतुकडा आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १,८३६ पट जड, आणि जड कणाचा चुंबक दुबळा. इलेक्ट्रॉनच्या मानानं तो सुमारे ६५८ पट कमी भरतो. म्हणून हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन उपटून काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागत असताना हे अंतर आहे फक्त ०.०००००५८७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं, साधारण तेवीस लाख पट लहान. ऊर्जेवरून तरंगलांबी काढायचा हिशेब मी तुला अकरावीत शिकवला होता: १.२४ ला इलेक्ट्रॉन-व्होल्टनं भाग, उत्तर मायक्रॉनमध्ये. दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टला ०.६२ मायक्रॉन येतात, तो लाल प्रकाश. आपल्या आकड्याला येतात सुमारे २,११,००० मायक्रॉन, म्हणजे २१.१ सेंटिमीटर. वारंवारता १४२०.४०५८ मेगाहर्ट्झ. तुझ्या डब्यातल्या तारेची लांबी शेवटी प्रोटॉनच्या जडपणावरून ठरली, असंच म्हण ना.

मसुद्याच्या समासात कुणीतरी, बहुतेक तुझ्या मैत्रिणीनं, पेन्सिलीनं लिहिलंय: ‘अणू पलटायला १ कोटी १० लाख वर्षं लागतात, मग सिग्नल येतो कसा?’ ही मुलगी हुशार आहे. आकडा बरोबर आहे. दोन्ही पातळ्यांत इलेक्ट्रॉनचा ढग सारखाच गोल, भार इकडून तिकडे हलत नाही, नुसता चुंबक वळतो. अशा वळण्यातून लहर बाहेर पडायला फार वेळ लागतो. पण मोजणी करून पाहा. आधी, वरच्या पातळीत अणू आहेत तरी किती? हे अंतर तापमानाच्या भाषेत ०.०६८ केल्व्हिन भरतं. तारकांमधला थंड वायू असतो शंभरेक केल्व्हिनचा. त्याच्या दृष्टीनं ही पायरी घराच्या उंबऱ्याएवढीही नाही. अणूंच्या टकरा होतात, त्यात ते वर-खाली होत राहतात. समांतर स्पिनची मांडणी तीन तऱ्हांनी होते आणि विरुद्ध स्पिनची एकाच तऱ्हेनं, म्हणून चारातले तीन अणू कायम वरच असतात. त्यांना वर न्यायला कुणा ताऱ्याचा प्रकाश लागत नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्यांची आपोआप सुटणारी लहर दिसत नाही, कारण तिथे अणू मूठभर आणि टकरा सततच्या.

आता आकाशात एक चौरस सेंटिमीटर तोंडाची नळी कल्पून बघ. आत दर घन सेंटिमीटरला एक अणू, म्हणजे आपल्या पंपानं काढता येणाऱ्या पोकळीपेक्षाही कितीतरी विरळ. पण नळी हजार प्रकाशवर्षं लांब आहे. त्यात अणू होतात सुमारे १ वर एकवीस शून्यं. त्यांतल्या तीन-चतुर्थांशांना प्रत्येकी एक कोटी दहा लाख वर्षांनी एकदा, या हिशेबानं दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक फोटॉन निघतात. सगळ्या दिशांना, हे खरं, पण आकाशात अशा नळ्या किती! शिवाय एकवीस सेंटिमीटरच्या लहरीला धुळीचे बारीक कण अडवत नाहीत, म्हणून आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेची लहरही इथवर येते. लायडनला हेंड्रिक व्हान डी हुल्स्टनं १९४४ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, अशाच कागदावरच्या हिशेबानं ही रेषा दिसेल असं सांगितलं होतं.

दिसली ती १९५१ च्या मार्चमध्ये. हार्वर्डच्या हॅरोल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्लायवूडचा कर्णा खिडकीबाहेर टांगला होता. पाऊस आला की पाणी आत यायचं आणि पोरं जाताजाता त्यात बर्फाचे गोळे टाकायची. तुझा थर्माकोल त्यापुढे राजेशाही आहे. पण त्यांची एक युक्ती तुझ्याकडे नाही, आणि तिथेच घोळ झालाय. ते रिसीव्हर आळीपाळीनं रेषेच्या वारंवारतेवर आणि तिच्यापासून जराशा दूरच्या वारंवारतेवर नेत आणि दोन्हींतला फरकच तेवढा बघत. यंत्राची स्वतःची सगळी कुरकुर त्यात वजा होते.

तुझ्या आलेखात १४२०.४ वर एक सुई आहे, बारीक आणि ताठ. तू रिसीव्हर १४२०.४ लाच लावलास ना? बऱ्याच संगणकी रिसीव्हरांत, जिथे लावाल तिथे बरोबर मधोमध असा एक खोटा उंचवटा उगवतो. तो यंत्राच्या पोटातला आहे. आज रात्री केंद्र १४२१ वर सरकव. सुई बरोबर सरकली तर ती तुझ्या यंत्राची. जागेवर राहिली तरी लगेच उड्या मारू नकोस, कर्णा जमिनीकडे वळवून बघ. तरीही दिसली तर ती वसतिगृहातल्या कुणाच्यातरी चार्जरची.

खरा हायड्रोजन सुईसारखा दिसत नाही. वायू वेगवेगळ्या वेगानं धावतो आणि दर सेकंदाला एक किलोमीटर या वेगामागे रेषा ४.७ किलोहर्ट्झ सरकते. आकाशगंगेच्या पट्ट्यात रेषा पसरून शेकडो किलोहर्ट्झचं टेकाड होते. ती नेमकी १४२०.४०५८ वर सापडली तर उलट संशय घे, कारण सूर्याभोवती फिरणारी आपली पृथ्वीच तिला ऋतूनुसार १४० किलोहर्ट्झपर्यंत इकडे-तिकडे ढकलते. आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ताटल्यांनी तर ही रेषा दुप्पटीहून जास्त ताणलेली पकडली आहे. विश्वाच्या प्रसरणानं ४८ सेंटिमीटरवर गेलेली, एका दूरच्या दीर्घिकेतली. तीही मधल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वानं भिंगासारखी मोठी झाली म्हणून. २०२३ च्या जानेवारीत ती बातमी आली तेव्हा इथे चहाच्या टपरीवरही चर्चा होती.

तर असं कर. येत्या शनिवारी रात्री साडेनऊ-दहाला उत्तरेला शर्मिष्ठा बऱ्यापैकी वर असेल. कर्णा तिच्याकडे लाव आणि दहा मिनिटं नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढ. मग तोच कर्णा, बाकी काहीही न बदलता, फक्त आकाशगंगेपासून लांब, भाद्रपदाच्या चौकोनाकडे वळव आणि पुन्हा दहा मिनिटं घे. पहिल्यातून दुसरं वजा कर. शर्मिष्ठेकडे एक नाही, दोन टेकाडं दिसायला हवीत. एक आपल्या जवळच्या वायूचं, आणि दुसरं त्याहून साधारण दोनशे किलोहर्ट्झ वर, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या वायूचं. ते ययाती भुजेतलं, जिला इंग्रजी पुस्तकांत पर्सियस म्हणतात. कर्णा लहान असला तर दुसरं नुसतं खांद्यासारखं दिसेल, तेही चालेल.

वजाबाकीचा आलेख रविवारी पाठव, जसा येईल तसा, गुळगुळीत करू नकोस. आणि थर्माकोलवर ताडपत्री टाकून ठेव. पुण्याकडे ढग आहेत असं तुझी आई म्हणत होती.

तुझा,
मामा