निरोप आणि पायरी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील सेवापूर्तीचे दिवस मे आणि जून या दोन महिन्यांच्या अखेरीस दाटीने येतात, याला एक जुने कारण आहे. ज्या पिढीतील मुलांच्या जन्माची नोंद घरी कोणी ठेवली नाही, त्यांची जन्मतारीख शाळेत नाव दाखल होताना गुरुजींनी अंदाजाने जून महिन्यातली लिहिली, आणि तीच तारीख पुढे सेवापुस्तकात कायम झाली. अठ्ठावन्नावे वर्ष ज्या महिन्यात पुरे होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी शिक्षक निवृत्त होतो; मात्र ज्याची तारीख महिन्याची पहिलीच असेल, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस सुटतो. म्हणून एक जूनचे गुरुजी एकतीस मे रोजी, ऐन सुटीत, शाळेच्या कुलपाशी निवृत्त होतात, आणि त्यांचा समारंभ परीक्षा आटोपताच एप्रिलच्या अखेरीस उरकावा लागतो. औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यान वसलेल्या आमच्या शिरड शहापुरात असे समारंभ मी पुष्कळ पाहिले. शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार, आणि चौकटीत बसवलेले एक मानपत्र, ज्यातील नाव आणि गाव बदलले तर ते कोणत्याही तालुक्यातील कोणत्याही सज्जनास तंतोतंत लागू पडावे.

या मानपत्रांची थट्टा करण्याची आपल्याकडे चाल आहे. ती थट्टा मला मान्य नाही. मानपत्र हे समुदायाच्या वतीने, समुदायासमक्ष, मोठ्याने वाचले जाणारे लेखन आहे. ते ऐकणाऱ्यांत सत्कारमूर्तींचे व्याही असतात, केंद्रप्रमुख असतात, गावचे सरपंच असतात, ज्यांच्याशी त्यांचे दहा वर्षे पटले नाही असे सहकारीही असतात. आणि या सर्वांच्या देखत ज्यावर कोणाला हरकत घेता येणार नाही असेच त्यात यावे, हा त्याचा जाबता आहे. खरी गफलत होते ती अन्यत्र. ज्याला आपल्या वरिष्ठाविषयी मनापासून काही सांगायचे असते, तो ते मानपत्रात किंवा माईकसमोर सांगू पाहतो. आणि ज्याला सांगण्यासारखे काही नसते, तो वरिष्ठाच्या हाती खाजगी पत्र म्हणून मानपत्राचाच मसुदा ठेवतो. हे दोन कागद निरनिराळे आहेत. वडीलधाऱ्याच्या निरोपात जिव्हाळा किती असावा, या प्रश्नाचे निम्मे उत्तर, तो जिव्हाळा कोणत्या कागदावर यावा हे ठरवताच मिळून जाते.

सरकारनेही या विषयात लक्ष घातलेले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ साली केलेल्या वर्तणूक नियमांतील चौदावा नियम असा की, पूर्वपरवानगीवाचून कोणीही मानपत्र किंवा निरोपाचे अभिनंदनपत्र स्वीकारू नये, आपल्या सन्मानार्थ भरलेल्या सभेस जाऊ नये; परंतु निवृत्तीच्या किंवा बदलीच्या प्रसंगी होणारा, मुख्यतः खाजगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप समारंभ यातून वगळलेला आहे. त्याच नियमात पुढे असेही बजावले आहे की अशा समारंभासाठी वर्गणी द्यावी म्हणून कोणावर दडपण आणू नये, आणि वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्याच्या आदरातिथ्यासाठी तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करू नये. नियम करणाऱ्याने मनुष्यस्वभाव नेमका ओळखला होता. वरिष्ठाविषयीचे प्रेम आणि वरिष्ठाची भीती यांची वर्गणी एकाच पावतीपुस्तकावर फाडली जाते, आणि पावतीवरून त्यांतला फरक कळत नाही. साहेबांच्या चांदीच्या मूर्तीसाठी शिपायाने दिलेली रक्कम प्रेमाची होती की अदबीची, हे त्या शिपायालाही पुष्कळदा सांगता येणार नाही.

शब्दांचेही असेच आहे. अहवालवर्ष ३१ मार्चला संपते, आणि हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल त्यानंतर लिहिले जातात. म्हणजे एप्रिलअखेर ज्याचा सत्कार होतो, त्याच्या टेबलावर सत्कार करणाऱ्यांचे अहवाल अद्याप पडून असण्याचा पुरेपूर संभव असतो. अशा वेळी लिहिलेले अत्यंत प्रामाणिक पत्रसुद्धा संशयाच्या छायेत जाते, आणि लिहिणाऱ्याच्या हेतूची ग्वाही तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून माझे मत असे की खाजगी पत्र समारंभाच्या दिवशी देऊच नये. पदभार सुपूर्द झाला, कार्यमुक्तीच्या कागदावर सही झाली, दप्तराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती गेल्या, की मग ते द्यावे. ज्याच्याकडून आता काही मिळायचे उरलेले नाही अशा मनुष्यास लिहिलेल्या पत्रातील जिव्हाळ्याला थोडी अधिक मोकळीक असते, आणि वाचणाऱ्यालाही ते निःशंक मनाने वाचता येते.

परंतु मोकळीक किती? येथे मला न्यायमूर्ती रानडे यांचे उदाहरण आठवते, कारण एकाच ज्येष्ठाला दोन कनिष्ठांनी दिलेले दोन निरोप त्यात शेजारी शेजारी ठेवता येतात. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. टिळक त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, आणि त्यांचे प्रतिपक्षी. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद त्याच मंडपात भरवू नये यासाठी टिळकांच्या पक्षाने रण माजवले होते, आणि रानड्यांनी शेवटी तो मंडप सोडून दिला होता. त्या टिळकांनी ‘केसरी’तून रानड्यांना निरोप दिला तो त्यांच्या सार्वजनिक कर्तृत्वाचा: थंड पडलेल्या महाराष्ट्रात ऊब उत्पन्न करण्याचे काम या पुरुषाने केले, असा त्याचा आशय. मतभेद गिळले नाहीत, आणि नसलेली जवळीकही दाखवली नाही. प्रतिपक्षी कनिष्ठाला जितक्या अंतरावर उभे राहणे साजते, तितक्याच अंतरावर ते उभे राहिले.

गोखले रानड्यांचे शिष्य, चोवीस वर्षांनी लहान. त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितलेली आठवण सर्वश्रुत आहे. १८९७ ची अमरावतीची काँग्रेस आटोपून दोघे परतत होते, डब्यात तिसरे कोणी नव्हते. पहाटे चारच्या सुमारास गाण्याच्या आवाजाने गोखले जागे झाले, आणि पाहतात तो रानडे उठून बसलेले, हातांनी टाळ्यांचा ताल धरून तुकोबांचे अभंग पुनःपुन्हा म्हणत आहेत. आवाज गोड नव्हता, परंतु त्यातील आर्तता अशी की गोखलेही उठून बसले. याहून खाजगी प्रसंग कोणता? अंधारात, एकांतात, आपणास कोणी पाहत आहे याची जाणीव नसलेल्या थोर माणसाची ही मुद्रा. तरीही ती सांगण्यात मर्यादेचा भंग झाला असे कोणालाही वाटले नाही. एक तर गोखल्यांनी ती रानड्यांच्या पश्चात सांगितली. हीच गोष्ट भर सभेत त्यांच्या तोंडावर सांगितली असती तर तो संकोची पुरुष मान वर करू शकला नसता. दुसरे, त्या प्रसंगात रानड्यांचे कोणतेही दौर्बल्य उघडे पडत नाही. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते हे की गोखले त्यात स्वतःसाठी फारच थोडी जागा घेतात: उठून बसले, एवढेच. ‘गुरुवर्यांचे माझ्यावर विशेष प्रेम होते’ हे सांगण्यासाठी त्यांनी तो डबा वापरला नाही.

तेव्हा ज्येष्ठाला लिहिताना मोकळेपणाने बोलावे ते स्वतःवरील ऋणाविषयी. त्याच्या अंतरंगाविषयी, घराविषयी, दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार कनिष्ठाला सहसा नसतो, मग ते सारे त्याने डोळ्यांनी पाहिलेले का असेना. वरिष्ठाच्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्याला पुष्कळ गोष्टी कळतात. त्या कळल्या म्हणून त्या आपल्या होत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या परिसरातील एका शाळेतील सहशिक्षिका आपल्या मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे आल्या. मसुदा चार पानांचा. त्यात गुरुजींच्या पत्नीचे दीर्घ आजारपण होते. त्या दिवसांत कार्यालयाचे दार लोटून गुरुजी एकटेच बसून राहत, हे होते. ‘आपण मला वडिलांच्या ठिकाणी’ हे वाक्य तीन जागी होते. आणि तिसऱ्या पानावर, जवळजवळ जाता जाता, एक हकिगत होती. बाई नोकरीस नव्या असताना शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीस आले, आणि बाईंच्या टाचणवहीत तीन आठवडे कोरे निघाले. साहेबांनी शेरा लिहिण्यास लेखणी उचलली तेव्हा गुरुजी म्हणाले, “मतदारयादीचं काम मीच लावलं होतं त्यांच्यामागं. शेरा लिहायचा तर माझ्या नावानं लिहा.” काम खरोखरच त्यांनी लावले होते; पण ते सांगण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती.

मी म्हणालो, “बाई, तुमचं पत्र एवढंच आहे.”

आजारपणाचा मजकूर त्यांनी लगेच काढला, कारण ते पत्र घरी गुरुजींच्या पत्नीही वाचणार, हे सांगताच त्यांच्या लक्षात आले. वडिलांचे वाक्य काढताना मात्र त्या अडल्या. माझे म्हणणे असे होते की नाते जोडायचे तर ते ज्येष्ठाने जोडावे. ‘तू मला मुलीसारखी’ असे गुरुजी म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. आपण होऊन ते मागणे म्हणजे निरोपाच्या दिवशी त्यांच्यावर आणखी एक कर्तव्य लादणे. तपासणीची हकिगत मानपत्रात घालावी काय, असेही त्यांनी विचारले. घालू नये, कारण तेच विस्तार अधिकारी कदाचित व्यासपीठावर बसलेले असतील. एखादे सत्कृत्यही चारचौघांत सांगितल्याने कोणाच्या तरी अंगावर येते. मानपत्रासाठी शाळेचा वाढलेला पट आणि अंगणातली झाडे पुरेशी होती.

मायन्याविषयी त्या साशंक होत्या, ‘आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि.’ हे फार कोरडे होईल काय म्हणून. मला तसे वाटत नाही. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात आदराचा सगळा भार मायन्याने आणि शेवटच्या नमस्काराने उचललेला असे, तीर्थरूप कोण आणि राजमान्य राजश्री कोण हे तेथेच ठरून जाई. आणि त्यामुळेच मधला मजकूर साध्या, सरळ भाषेत लिहिण्यास माणूस मोकळा राही. आज मायना सैल झाला, म्हणून विशेषणे मजकुरात शिरली.

अखेरचे पत्र एका पानाचे झाले. टाचणवही, कोरे आठवडे, गुरुजींचे ते दोन वाक्यांचे बोलणे, आणि त्यानंतर आपण टाचण कधी मागे पडू दिले नाही, ही कबुलीवजा खबर. एका वाक्यावर मात्र आमचे एकमत झाले नाही. ‘आपण गेल्यावर शाळेची घंटा वेळेवर कोण देणार, याची काळजी वाटते,’ असे त्यांनी शेवटी लिहिले होते. मी म्हणालो, यात नव्या मुख्याध्यापकांवर अविश्वास आहे, आणि शिपायावर तर उघड ठपका आहे. जाणाऱ्याची स्तुती राहणाऱ्यांच्या खर्चाने करू नये. बाईंनी ऐकून घेतले, लेखणीचे टोपण लावले, आणि ते वाक्य तसेच ठेवले. ते तेथे नको होते असे मला अजूनही वाटते. मात्र गुरुजींनी उत्तर धाडले ते नेमके त्याच वाक्याला: घंटेची दोरी पावसाळ्यापूर्वी बदलून घ्यावी, आणि नवी दोरी वसमतच्या बाजारात मिळते.