दुकानदाराची तक्रार आणि पुरवठादाराला पत्र

माल उशिरा येतो ही किराणा दुकानदाराची तक्रार बहुधा फोनवर, हमालासमोर किंवा गल्ल्यावर बसून बोलली जाते. ती पुरवठादाराला पत्राने कळवायची ठरली की बहुतेक जण तेच बोलणे सभ्य भाषेत लिहून काढतात. असे पत्र वाचले जाते, पण त्यावर पुढे काही होत नाही. बोलणाऱ्याला आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगायचे असते. पत्र मात्र अशा माणसाच्या हाती पडते, जो प्रत्येक ओळ आपल्या वहीशी ताडून पाहणार असतो. म्हणून शब्द सौम्य करून भागत नाही. बोलण्यातील कोणते वाक्य पुराव्याने टिकते, कोणते टिकत नाही, याची निवड करावी लागते.

उदाहरणादाखल फलटणमधील एक किराणा दुकान आणि पुण्याच्या मार्केट यार्डातील एक घाऊक व्यापारी घेऊ. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. दुकानदाराने 14 ऑगस्टला रवा, गूळ आणि खोबरे यांची ऑर्डर दिली. माल 18 तारखेपर्यंत पोहोचवण्याचे ठरले, तो आला 28 ला. दुकानदाराचे बोलणे साधारण असे असेल: “दर वेळचंच आहे हे. गणपती तोंडावर आले तरी माल नाही. सणाचा माल आहे म्हणून आधीच सांगितलं होतं. फोन केला की गाडी निघाली म्हणतात. कुठून निघाली? गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. मला इथल्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं माल उचलावा लागला. वीस वर्षं यांचा माल घेतोय, पैसा कधी थकवला नाही. आता बिलच देत नाही, बघू काय करतात.”

यातील पहिले वाक्य सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात कच्चे आहे. ‘दर वेळी’ म्हटले की वेळेवर आलेली एक खेप दाखवून समोरचा सगळी तक्रार मोडीत काढतो. वही उघडून पाहिली, तर जून ते ऑगस्टमधील सहा खेपांपैकी तीन उशिरा आल्या असे निघेल. मग पत्रात त्या तीनच येतात, प्रत्येकीची ऑर्डरची, कबुलीची आणि माल पोहोचल्याची तारीख देऊन. आकडा लहान झाला तरी तो खोडता येत नाही. माल कधी द्यायचा हे ठरलेच नसेल तर? 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार माल पाठवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असेल, तर तो त्याने वाजवी मुदतीत पाठवायचा असतो. पण वाजवी म्हणजे किती, यावर वाद होतो. म्हणून कबूल केलेली तारीख व्हॉट्सॲपवरच्या एका ओळीत असली तरी ती जपून ठेवावी.

‘गाडी कुठून निघाली?’ हा प्रश्न रागाने विचारलेला असला तरी पत्राच्या दृष्टीने नेमका आहे. त्याचे उत्तर ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर मिळते. बिल्टी 26 ऑगस्टची असेल, तर माल व्यापाऱ्याच्या गोदामातच पडून होता आणि आधी मिळालेली उत्तरे चुकीची होती. पण बिल्टी 17 ऑगस्टची निघाली, तर चित्र बदलते. विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की, वेगळे काही ठरलेले नसल्यास, सकृद्दर्शनी तो खरेदीदाराला दिला असे कायदा मानतो. मग दाद वाहतूकदाराकडे मागावी लागेल. यासाठी पत्र लिहिण्याआधी बिल्टी पाहणे गरजेचे आहे. इथे ती 26 चीच आहे असे धरू.

‘सणाचा माल आहे म्हणून आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य मसुदा करणारा भावनिक म्हणून गाळण्याची शक्यता असते. ते गाळू नये. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे करारभंगातून नेहमीच्या ओघात होणारे नुकसान मागता येते, तसेच करार करताना दोन्ही पक्षांना ज्याची कल्पना होती ते नुकसानही मागता येते. दूरचे, अप्रत्यक्ष नुकसान मागता येत नाही. माल चतुर्थीसाठी आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक होते, म्हणून 28 तारखेला आलेला माल त्याच्या दृष्टीनेही नुसता दहा दिवस उशिरा आलेला राहत नाही. हे कधी आणि कशाने कळवले, ते मात्र लिहिले पाहिजे.

नुकसानीचा हिशेब करतानाही अशीच चाळणी लागते. गिऱ्हाईक गेले हे खरे असेल, पण किती गेले आणि त्यातून काय बुडाले हे सहसा दाखवता येत नाही. स्थानिक व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाचे बिल मात्र हातात असते. त्या बिलातला भावाचा फरक 1,770 रुपये आणि टेम्पोचे भाडे 800 रुपये, मिळून 2,570 रुपये. सिद्ध होणारी ही रक्कम छोटी असली तरी अंदाजाने लिहिलेल्या पंचवीस हजारांपेक्षा ती मिळण्याची शक्यता जास्त. न दाखवता येणारा आकडा शेजारी ठेवला, तर दाखवता येणाऱ्यावरही शंका येते.

बिल न देण्याची धमकी पत्रात येऊ नये. परस्पर पैसे अडवले की व्यापाऱ्याला थकबाकीची तक्रार करायला जागा मिळते आणि उशिराचा विषय मागे पडतो. त्याऐवजी मागणी स्पष्ट लिहावी: 2,570 रुपयांची क्रेडिट नोट, आणि पुढच्या ऑर्डरींसाठी कबूल तारीख लेखी. वीस वर्षांचा व्यवहार एका वाक्यात, मागणीच्या शेजारी, आधार म्हणून येतो. तो सुरुवातीला आला तर विनवणीसारखा वाटतो. या निवडीनंतर पत्राचा गाभा असा होतो:

“विषय: 14 ऑगस्टच्या ऑर्डरचा माल उशिरा मिळाल्याबाबत. महोदय, सदर माल 18 ऑगस्टपर्यंत देण्याचे आपण 14 ऑगस्टलाच व्हॉट्सॲपवर कळवले होते. माल गणेश चतुर्थीसाठी असल्याचे आम्ही ऑर्डरमध्ये लिहिले होते. 19 ऑगस्टला फोनवर गाडी निघाल्याचे सांगण्यात आले. बिल्टी 26 ऑगस्टची असून माल 28 ला मिळाला. दरम्यान स्थानिक खरेदीमुळे आम्हाला 2,570 रुपये जादा खर्च आला. बिले सोबत जोडली आहेत. या रकमेची क्रेडिट नोट 15 दिवसांत द्यावी आणि पुढच्या ऑर्डरींसाठी कबूल तारीख लेखी कळवावी. आपले बिल आम्ही वीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे मुदतीत भरू.”

उरलेल्या दोन खेपांचा तपशील याखाली तीन ओळींच्या तक्त्यात देता येतो.

पत्र कितीही नेमके असले तरी एक गोष्ट त्याच्या आधी घडावी लागते. वेळ हा ज्या करारात कळीचा मुद्दा आहे, तिथे ठरलेली वेळ टळली की माल नाकारता येतो. पण उशिरा आलेला माल घेतला, आणि घेतानाच भरपाई मागणार असल्याचे कळवले नाही, तर करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे त्या उशिराबद्दल नंतर भरपाई मागता येत नाही. सणाचा माल या प्रकारात मोडतो असे म्हणायला चांगली जागा आहे, म्हणून धोका पत्करू नये. माल उतरवून घेताना पोहोच-पावतीवर ‘माल 28 ऑगस्टला मिळाला, भरपाईचा हक्क राखून स्वीकारला’ असे लिहून सही करावी, त्याचा फोटो काढावा आणि तो लगेच व्यापाऱ्याला पाठवावा. सविस्तर पत्र दोन दिवसांनी स्पीड पोस्टने गेले तरी चालते. पोचपावतीसह त्याची प्रत त्याच बिलाला जोडून ठेवावी.